रात्री दोनचा बिलिंग रन आणि शून्य इन्व्हॉइस

महाप्याच्या एखाद्या ऑफिसातून नाइट शिफ्टचा ऑपरेटर पहाटे आपल्या मॅनेजरला असा मेल पाठवतो. कंपनी आणि आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण बिघाड नेहमी भेटणारा आहे.

«मॅडम, रात्री २ वाजताचा बिलिंग रन एरर न देता संपला, पण एकही इन्व्हॉइस उचललं गेलं नाही. १ ऑगस्टच्या तारखेची ४,२१८ इन्व्हॉइस तयार आहेत, त्यांना हात लागलेला नाही. रविवारी बदललेला डेटाबेस सर्व्हर यूटीसी वेळेवर आहे. रन चालला तेव्हा त्याच्याकडे ३१ जुलैच चालू होता. ग्राहकांना काहीही गेलेलं नाही. जॉब मी परत चालवलेला नाही. तारीख हाताने देऊन चालवायला तुमची परवानगी हवी.»

मेल छोटा आहे, पण कारण, नुकसान किती आणि पुढे काय करायचं, हे तिन्ही त्यात आलं आहे. यातलं कारण नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

संगणकाच्या आत तारीख अशी काही नसते. यूटीसी ही जगभर संदर्भासाठी धरलेली वेळ, आणि बहुतेक सर्व्हर १ जानेवारी १९७०च्या यूटीसी मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद मोजत राहतात. आपल्या १ ऑगस्ट २०२५च्या पहाटे दोनला ही मोजणी १७५,३९,९३,८०० वर होती. हा आकडा ठाण्यात, लंडनमध्ये, टोकियोत एकाच क्षणी सारखाच असतो. तारीख त्यावरून काढली जाते, आणि काढताना आधी ठरवावं लागतं की कुठली वेळ धरायची. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. दर १५ अंशांना एक तास, म्हणून आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. वरचा आकडा भारतीय वेळेत मांडला तर १ ऑगस्ट, पहाटे २:००. यूटीसीत मांडला तर ३१ जुलै, रात्री ८:३०. दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत.

आता स्क्रिप्टमधली ओळ बघा:

```
SELECT COUNT(*) FROM invoices
WHERE bill_date = CURRENT_DATE
  AND status = 'READY';
```

`CURRENT_DATE` म्हणजे आजची तारीख. पण कुणाची आजची? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती त्या जोडणीच्या टाइमझोनवरून ठरते. जोडणी करणाऱ्याने काही सांगितलं नाही, तर सर्व्हरची सेटिंग लागू होते. जॉब सुरू करणारं शेड्युलर मशीन भारतीय वेळेवर होतं, म्हणून जॉब बरोबर दोनला सुटला. डेटाबेसचं नवं मशीन यूटीसीवर होतं, म्हणून त्याने ३१ जुलैची बिलं शोधली. महिन्याची सगळी बिलं १ तारखेची. ३१ जुलैचं एकही नव्हतं.

एरर का आली नाही, असं मॅनेजर हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण डेटाबेसच्या दृष्टीने एकही ओळ न सापडणं हे वैध उत्तर आहे. क्वेरी नीट लिहिलेली, टेबल जागेवर, जोडणी चालू. स्क्रिप्ट व्यवस्थित संपली आणि शेड्युलरवर हिरवी खूण आली. रविवारी मशीन बदललं आणि गोंधळ शुक्रवारी पहाटे दिसला, तोही याचमुळे: मधल्या रात्री बिलं नव्हतीच, तेव्हा शून्य हेच अपेक्षित होतं.

या ऑपरेटरचं कौतुक वाटतं ते त्याने कारण कसं पकडलं यासाठी. शून्याला इतरही कारणं असतात. विक्री विभागाची फाइलच आली नसेल, किंवा इन्व्हॉइसवर `READY` हा शिक्का पडला नसेल. म्हणून त्याने आधी तारखेची अट काढून मोजणी केली. `READY` असलेली ४,२१८ मिळाली, म्हणजे फाइल आली होती आणि शिक्काही होता. संशय एकट्या तारखेवर उरला. मग त्याने सर्व्हरलाच विचारलं:

```
SHOW timezone;
SELECT now(), CURRENT_DATE;
```

पहिल्याचं उत्तर `Etc/UTC`. दुसऱ्यात `2025-07-31 20:44` ही वेळ, शेवटी `+00`, आणि तारीख `2025-07-31`. त्याच्या हातातल्या घड्याळात तेव्हा २:१४ झाले होते.

इथे एक खड्डा आहे, आणि अनुभवी माणसंही त्यात पडतात. हीच क्वेरी कुणी आपल्या लॅपटॉपवरच्या, जावावर चालणाऱ्या साधनातून टाकली, तर ४,२१८ येतात! पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर जोडणी करतानाच लॅपटॉपचा टाइमझोन सर्व्हरला कळवतो, त्यामुळे तिथे आज म्हणजे १ ऑगस्ट. जॉब मात्र पोस्टग्रेसच्याच `psql` या कमांडच्या साधनातून चालतो, आणि तो स्वतःहून असं काही कळवत नाही. म्हणून तपासणी जॉब जिथून चालतो त्याच मशीनवरून, त्याच यूजरने करायची. नाहीतर "माझ्याकडे तर दिसतंय" या वाक्यावर अर्धी रात्र जाते.

दुसरा खड्डा सकाळचा. साडेपाचनंतर यूटीसीतही १ ऑगस्ट लागतो. सहा वाजता जॉब नुसता परत चालवला, तर सगळी बिलं निघतात, तक्रार मिटते आणि कारण तसंच राहतं. पुढच्या १ तारखेला पुन्हा शून्य. आपल्याकडे मध्यरात्र ते साडेपाच एवढीच धोक्याची वेळ असते, आणि वापर कमी म्हणून रात्रीचे जॉब नेमके त्याच वेळात लावलेले असतात.

टाइमझोन `Asia/Kolkata` केला की हा बिघाड जातो. तरी मला तेवढ्यावर थांबणं पटत नाही. समजा जॉब रात्री पावणेबाराचा आहे आणि आधीचं काम लांबल्याने तो बारा वाजून दहा मिनिटांनी सुटला. टाइमझोन अगदी बरोबर असूनही तो पुढच्या दिवसाची बिलं शोधेल. कुठल्या दिवसाचं काम करायचं हे जॉबने घड्याळाला विचारूच नये. ती तारीख शेड्युलरने हातात द्यावी:

```
psql -v bdate=2025-08-01 -f billing.sql
```

आणि आत `bill_date = :'bdate'` असं लिहावं. परवानगी मिळाल्यावर ऑपरेटरने तारीख याच पद्धतीने दिली. जोडीला एक तपासणीही हवी: विक्री विभागाने पाठवलेली संख्या आणि रनने उचललेली संख्या जुळली नाही, तर जॉबने स्वतः नापास व्हावं. नुसतं "शून्य आलं तर थांब" म्हणून भागत नाही, कारण काही रात्री शून्य खरंच बरोबर असतं.

परत चालवताना दुबार बिलं जाण्याची भीती असते. इथे प्रत्येक इन्व्हॉइस उचलताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये `READY`चं `BILLED` होतं, म्हणून दुसऱ्यांदा ते सापडतच नाही. जिथे अशी सोय नाही, तिथे आधी बिल क्रमांक पडलेत का हे बघितल्याशिवाय बटण दाबू नये.

मॅडमच्या जागी मी असते, तर त्याच सकाळी त्या सर्व्हरवरच्या सगळ्या स्क्रिप्टांमध्ये `CURRENT_DATE` आणि `now()` शोधायला सांगितलं असतं. शून्य निदान डोळ्यात भरतं. पहाटे तीनला थकबाकीवर दंड लावणारा जॉब असेल, तर तो शून्य देणार नाही. तो प्रत्येक ग्राहकाचा एक दिवस कमी मोजेल, रक्कम थोडीशी चुकेल, आणि रविवारपासूनच्या प्रत्येक रात्रीचा दंड आता पुन्हा काढून बघावा लागेल.