अंडी धुवायची का नाही, ह्या गोंधळाचं मूळ

मागच्या मे महिन्यात लक्ष्मीपुरीतनं डझनभर गावरान अंडी आणली, सगळ्यांना विष्ठा लागलेली, म्हणून नळाखाली घासून धुतली आणि फ्रिजच्या दारातल्या खळग्यांत मांडली. दहा-बारा दिवसांनी ऑम्लेटला एक फोडलं तर असा वास सुटला की खिडक्या उघडायला लागल्या.

कवचावर हजारो बारीक छिद्रं असतात आणि कोंबडी अंडं घालताना त्यांच्यावर एक पातळ थर चढतो, तो आत जाणाऱ्या जंतूंना अडवतो. आपण घासून तोच काढून टाकतो. त्यात थंड पाणी वापरलं तर आणखी वाईट, कारण गरम अंडं गार पाण्यात गेलं की आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतनं आत ओढलं जातं.

अमेरिकेत हे जुनंच दुखणं होतं, धुतलेली अंडी साठवणीत कुजायची म्हणून व्यापारी नाकं मुरडायचे. पण पुढं तिथं पद्धत बदलली, अंड्यापेक्षा गरम पाण्यात मशीनवर धुवायचं, लगेच वाळवायचं आणि मग दुकानापर्यंत ७ अंश सेल्सिअसच्या आत थंड ठेवायचं. युरोपनं उलटा रस्ता धरला, 'ए' वर्गाची अंडी धुवायचीच नाहीत, तो थर जपायचा आणि घातल्यापासून २८ दिवसांची तारीख टाकायची. दोन्ही बरोबर आहेत, पण आपण अमेरिकेचं धुणं उचललं आणि त्यांचं गरम पाणी, वाळवणं सोडून दिलं, घोळ तिथंच झाला.

दाराचं पण तसंच. १९३०च्या दशकात अमेरिकेत क्रॉस्ली कंपनीनं दारातच कप्पे असलेला 'शेल्व्हाडोर' फ्रिज काढला, जागा वाचते म्हणून ती कल्पना सगळीकडं पसरली आणि पुढं दारात अंड्यांचे खळगे रुळले. म्हणजे ती सोय जागेसाठी होती, अंड्यासाठी नव्हे. दार दिवसात वीस-तीस वेळा उघडतं, दर वेळी तिथलं तापमान वर-खाली होतं, आणि आपल्याकडं पावसाळ्यात तर गार कवचावर लगेच दव धरतं, ओलं कवच म्हणजे जंतूंना आयतीच वाट. म्हणून आतल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात किंवा ट्रेमध्येच ठेवा, निमुळतं टोक खाली, म्हणजे हवेची पोकळी वर राहते.

अशी न धुतलेली ताजी अंडी आत तीन-चार आठवडे चांगली राहतात. बाहेर मात्र कोल्हापूरच्या उन्हाळ्यात आठवड्यात संपवलेली बरी, आणि एकदा फ्रिजमध्ये गेलेलं अंडं परत ओट्यावर ठेवू नका.

शंका आली तर पाण्याच्या भांड्यात टाकून बघा. ताजं तळाला आडवं पडतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर टाकून द्या, कारण आतलं पाणी उडत जातं तशी हवेची पोकळी वाढते. ह्यात वय कळतं, साल्मोनेलाचे आजार करणारे जंतू आहेत का ते कळत नाही, तेव्हा नीट शिजवाच. विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा, आणि धुवायचंच असेल तर फोडायच्या आधी, कोमट पाण्यानं, तेवढंच एक.