डावा पाय लुळा, उजवा बधिर

न्यूरॉलॉजीच्या पेपरात असा रुग्ण हमखास भेटतो. ५२ वर्षांची बाई. पाच महिन्यांपासून चालताना डाव्या पायातली चप्पल सुटते, पाय घासतो. आंघोळ करताना गरम पाणी डाव्या पायाला चटकन कळतं, उजव्याला त्याची ऊबही लागत नाही. डावीकडे, बरगड्यांच्या खालच्या कडेशी, पट्टा आवळल्यासारखं दुखतं. तपासणीत डाव्या पायाची ताकद कमी, गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय जरा जास्तच उडतो आणि तळव्यावर ओरखडा काढला की अंगठा वर जातो. डाव्या पायाच्या बोटांना ट्यूनिंग फोर्कची थरथर जाणवत नाही. उजवीकडे मात्र बेंबीपासून खाली टाचणी टोचलेली कळत नाही. हात आणि चेहरा ठीक. बिघाड कुठे?

बहुतेक विद्यार्थी इथे आजाराचं नाव शोधू लागतात. ते सध्या बाजूला ठेवावं आणि प्रत्येक लक्षणासमोर ते वाहून नेणाऱ्या मार्गाचं नाव लिहावं. इथे मार्ग तीनच आहेत आणि सगळी गंमत ते बाजू कुठे बदलतात यात आहे. मेंदूकडून स्नायूंकडे येणारा हालचालीचा मार्ग मेंदूच्या देठाच्या तळाशी बाजू बदलतो, म्हणजे पाठीच्या कण्यात उतरेपर्यंत तो ज्या बाजूचे स्नायू हलवायचे त्या बाजूला आलेला असतो. थरथर आणि सांध्यांची स्थिती कळवणारा मार्ग मज्जारज्जूत त्याच बाजूने वर जातो आणि देठात पोचल्यावर पलीकडे वळतो. वेदना आणि तापमानाचा मार्ग मात्र मज्जारज्जूत शिरल्यावर एक-दोन खंडांतच, म्हणजे नसांच्या एक-दोन जोड्यांइतक्या उंचीतच, पलीकडे जातो.

आता बाईंकडे पाहू. डावी ताकद गेली, डावी थरथर गेली, उजवी वेदना गेली. उजव्या मेंदूत बिघाड असता तर ताकद आणि संवेदना दोन्ही डाव्याच बाजूच्या गेल्या असत्या. हे तीन मार्ग या मांडणीत एकत्र सापडण्याची जागा एकच, ती म्हणजे मज्जारज्जूचा डावा अर्धा भाग. मॉरिशसमध्ये १८१७ साली जन्मलेल्या न्यूरॉलॉजिस्ट ब्राउन-सेकार यांनी हे चित्र उलगडलं म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. उत्तरपत्रिकेत मात्र नाव शेवटी आलं तरी चालतं, कारणमीमांसा नसेल तर ते पाठांतर वाटतं.

बाजू ठरली, आता उंची. हात ठीक आहेत, म्हणजे मानेतला भाग सुटला. उडणारा गुडघा आणि वर जाणारा अंगठा सांगतात की बिघाड गुडघ्याच्या प्रतिक्षेपाच्या खंडांपेक्षा वर आहे. कमरेची नस दबली असती तर प्रतिक्षेप उलट मंदावला असता. उरला छातीचा भाग. बेंबीची त्वचा छातीच्या दहाव्या खंडाकडे, म्हणजे टी-१० कडे असते. उजवीकडची वेदना तिथून खाली गेली आहे आणि ते तंतू एक-दोन खंड वर चढत पलीकडे जातात, म्हणून बिघाड डावीकडे टी-८ किंवा टी-९ ला असावा.

पण या संवेदनेच्या रेषेवर फार विसंबू नये. वेदनेच्या मार्गात पायाकडचे तंतू सर्वांत बाहेर असतात. बाहेरून काही दाबत असेल तर आधी तेच सापडतात, आणि बधिरपणा खालून सुरू होऊन हळूहळू वर सरकतो. म्हणून ती रेषा एवढंच सांगते की बिघाड निदान इतका वर आहे. तो आणखी वरही असू शकतो. पट्टा आवळल्यासारखं दुखणं मात्र त्या जागेच्याच मज्जामुळाचं, म्हणजे तिथून निघणाऱ्या नसेच्या मुळाचं असतं. बरगडीच्या कडेचं दुखणं साधारण टी-८ चं, त्यामुळे दोन्ही खुणा जुळल्या.

मार्कांइतकाच बाईंसाठीही महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. तक्रार पायाची म्हणून फक्त कमरेचा एमआरआय काढला, तर तो स्वच्छ येईल. प्रौढांत मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्याजवळ संपतो. शिवाय तो कण्यापेक्षा आखूड असल्यामुळे त्याचा टी-८ खंड छातीच्या आठव्या मणक्याच्या बराच वर बसतो. तेव्हा छातीचा पूर्ण कणा पाहायला सांगावा.

कारणाचा प्रश्न आता येतो, आणि त्याचं उत्तर जागेपेक्षा वेळ देते. हेच चित्र चाकूच्या वाराने क्षणात उभं राहतं. महिनोनमहिने सरकत आलं, मज्जामूळ दुखतंय आणि रुग्ण पन्नाशीतली बाई आहे, तर यादीत वरच्या ओळीला मेनिंजिओमा, म्हणजे आवरणाची सावकाश वाढणारी, बहुधा साधी गाठ. उत्तर असं लिहावं: ‘मज्जारज्जूचा डावा अर्धा भाग, टी-८ च्या आसपास, बाहेरून दाब, कारण बहुधा मेनिंजिओमा.’