धोरणबदलाची एकपानी सूचना

कंपनीचे एखादे धोरण सुधारले जाते तेव्हा कर्मचाऱ्यांसाठी त्यातून काय बदलले, कोणासाठी बदलले आणि कधीपासून, एवढेच सांगणारे एक पान काढले जाते. त्याला धोरणबदलाची एकपानी सूचना म्हणतात. ती मूळ धोरणाचा सारांश नसते. सारांशात सगळे धोरण थोडक्यात येते. सूचनेत जुन्या आणि नव्या धोरणातला फरक येतो आणि जे बदललेले नाही ते बहुतेक बाहेर राहते. अठरा पानी रजा-धोरण सुधारताना प्रत्यक्षात चारपाच गोष्टीच बदललेल्या असतात. बाकीच्या पानांवर कलमांचे क्रमांक सरकलेले असतात, भाषा नीटनेटकी झालेली असते, विभागाचे नाव नवे आलेले असते. कर्मचाऱ्याला हवे असलेले चारपाच बदल या पसाऱ्यातच कुठेतरी असतात.

तुलना. सूचना लिहायची तर जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती हव्यात. फक्त नवी प्रत वाचून लिहिलेली सूचना हमखास अपुरी राहते, कारण गाळलेले कलम नव्या प्रतीत दिसतच नाही. वर्डमध्ये `Review` या पट्टीवरील `Compare` वापरून दोन्ही प्रती समोरासमोर ठेवता येतात. त्यातून निघणारी तांबडी-निळी प्रत मात्र दिशाभूल करू शकते. एखादे कलम सहाव्या पानावरून अकराव्या पानावर नेले असेल, तर ते एकीकडे खोडलेले आणि दुसरीकडे नवे घातलेले दिसू शकते, मग त्यातला शब्दही बदललेला नसो. म्हणून प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न विचारायचा: यामुळे कोणाचे पैसे, दिवस, मुदत, मंजुरी किंवा कागदपत्र बदलते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती खूण सूचनेत येत नाही.

याउलट जिथे खूणच दिसत नाही तिथेही बदल असू शकतो. तो बहुधा व्याख्यांमधून येतो. ‘कुटुंब’ या शब्दाच्या व्याख्येत सासू-सासऱ्यांची भर पडली, तर दुखवट्याच्या रजेचे कलम अक्षरशः जसेच्या तसे राहते, पण रजा मिळणारे प्रसंग वाढतात. म्हणून व्याख्येतला प्रत्येक बदललेला शब्द धोरणभर शोधावा आणि तो जिथे जिथे येतो ते प्रत्येक कलम पुन्हा वाचावे. या कामाला तासभर लागतो आणि नेमके हेच वगळले जाते.

एक उदाहरण. पुणे परिसरातील एका कंपनीचे, कार्यालय आणि कारखाना दोन्हींना लागू असलेले रजा व प्रवासखर्च धोरण कल्पू. नवे धोरण 2 जून 2025 रोजी प्रसिद्ध झाले. पहिल्या पानावर ‘1 जुलै 2025पासून लागू’ असे लिहिले आहे. तुलनेतून पाच गोष्टी निघाल्या. पीएल, म्हणजे हक्काची पगारी रजा, साठवण्याची मर्यादा 60 दिवसांवरून 45 वर आली. आजारपणाची रजा तीन दिवसांपेक्षा जास्त असेल तरच लागणारे डॉक्टरांचे प्रमाणपत्र आता दोन दिवसांपासून लागणार आहे. दौऱ्याचा खर्च मागण्याची मुदत 60 दिवसांऐवजी 30 दिवस झाली. ‘कुटुंब’ची व्याख्या वर सांगितल्याप्रमाणे रुंदावली. आणि सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाबद्दल मिळणाऱ्या बदली सुट्टीचे, म्हणजे कॉम्प-ऑफचे, कलम नव्या प्रतीत कुठेच नाही.

‘1 जुलैपासून’ ही एकच तारीख या पाचही बदलांना चिकटवली की सूचना तयार झाल्यासारखी वाटते. खरे काम इथून पुढे सुरू होते. तारीख नुसती लिहून भागत नाही, ती कोणत्या घटनेला लागते हेही ठरवावे लागते. रजेच्या बाबतीत अर्जाचा दिवस, रजा सुरू झाल्याचा दिवस आणि कामावर परतल्याचा दिवस हे तीन वेगळे दिवस असतात. दौऱ्याच्या बाबतीत निघण्याचा दिवस, परतण्याचा दिवस आणि क्लेम भरण्याचा दिवस. धोरण लिहिणाऱ्यांच्या मनात यातला एक दिवस असतो, पण कागदावर तो बरेचदा उतरलेला नसतो.

दौऱ्याचा क्लेम घेऊ. एक कर्मचारी 25 मे रोजी परतला. जुन्या नियमाने त्याला 60 दिवस, म्हणजे 24 जुलैपर्यंत वेळ आहे. हा हिशेब परतीचा दिवस सोडून केला आहे. भारतातील सर्वसाधारण वाक्खंड कायद्याच्या कलम 9मध्येही ‘पासून’ मोजताना पहिला दिवस सोडण्याची हीच रीत आहे. आता नवी 30 दिवसांची मुदत ‘1 जुलैनंतर भरलेल्या प्रत्येक क्लेमला’ लावली, तर या माणसाची मुदत 24 जूनलाच संपून गेलेली असते. नियम लागू होण्याआधीच त्याचा हक्क बुडतो. तीच मुदत ‘1 जुलै रोजी किंवा त्यानंतर संपलेल्या दौऱ्यांना’ लावली, तर त्याला काहीच धोका नाही. दोन्ही अर्थ ‘1 जुलैपासून लागू’ या शब्दांत बसतात. आधी मिळालेला हक्क नव्या नियमाने सहजासहजी हिरावू नये, हे तत्त्व कायद्यांच्या बाबतीत त्याच वाक्खंड कायद्याच्या कलम 6मध्ये मांडलेले आहे. ते कलम कंपनीच्या धोरणाला थेट लागू होत नाही, पण दुसरा अर्थ का निवडावा हे धोरणाच्या मालकाला, म्हणजे त्या धोरणाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला, पटवताना फार उपयोगी पडते.

प्रमाणपत्राचेही तसेच. 30 जून ते 2 जुलै असे तीन दिवस कोणी आजारी असेल, तर जुन्या नियमाने प्रमाणपत्र लागत नाही आणि नव्याने लागते. 30 जूनला घरी झोपून असलेल्या माणसाने डॉक्टरांकडे जायचे की नाही, याचे उत्तर त्याला त्याच दिवशी हवे असते. ‘1 जुलै रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या रजेला’ असे लिहिले की ते मिळते.

पीएलच्या मर्यादेची तारीख निराळीच आहे. धोरणाच्या चौदाव्या पानावरील परिशिष्टात लिहिले आहे की नवी मर्यादा 31 डिसेंबर 2025च्या शिल्लक रजेला लागेल आणि 45 च्या वरचे दिवस रोख करून जानेवारीच्या पगारात मिळतील. म्हणजे 58 दिवस साठलेल्या कामगाराचे 1 जुलैला काहीच जात नाही. मात्र पहिल्या पानावरची तारीख तेवढी उचलून सूचना लिहिली, तर जून संपेपर्यंत रजेच्या अर्जांची रीघ लागते आणि उत्पादनाचे वेळापत्रक कोसळते. तारखा शोधताना परिशिष्टे आणि तळटीपा सगळ्यात आधी वाचाव्यात, ते यासाठीच.

कॉम्प-ऑफचे कलम गायब का झाले, याचा अंदाज सूचना लिहिणाऱ्याने बांधू नये. ते हजेरीच्या धोरणात हलवलेले असेल, रद्द केलेले असेल किंवा नुसते राहून गेलेले असेल. धोरणाच्या मालकाला लेखी विचारावे, लेखी उत्तर घ्यावे आणि उत्तर येईपर्यंत सूचना थांबवावी. उदाहरणात ते हजेरी-धोरणात गेलेले निघाले. धोरणातली पोकळी सूचनेतून भरणे म्हणजे अधिकार नसताना धोरण बनवणे होय.

पान. इतके झाल्यावर लिहिणे सोपे असते. उदाहरणातली सूचना साधारण अशी होईल:

> रजा आणि दौऱ्याच्या खर्चाचे नियम बदलत आहेत
> कोणासाठी: कार्यालय व कारखान्यातील सर्व कायम कर्मचारी.
>
> दौऱ्याचा क्लेम: आतापर्यंत परतल्यापासून 60 दिवस, आता 30 दिवस. 1 जुलै 2025 रोजी किंवा त्यानंतर संपलेल्या दौऱ्यांना. त्याआधीच्या दौऱ्यांना 60 दिवसच. (कलम 9.2)
> आजारपणाची रजा: आतापर्यंत तीन दिवसांपेक्षा जास्त रजेला डॉक्टरांचे प्रमाणपत्र, आता दोन दिवसांपासून. 1 जुलै रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या रजेला. (कलम 5.4)
> साठलेली पीएल: आतापर्यंत 60 दिवस, आता 45. मोजणी 31 डिसेंबर 2025 रोजी. वरच्या दिवसांचे पैसे जानेवारीच्या पगारात. तोपर्यंत रजा कापली जाणार नाही. (परिशिष्ट 2)
> दुखवट्याची रजा: आता सासू-सासऱ्यांसाठीही. 1 जुलै रोजी किंवा त्यानंतरच्या प्रसंगांना. (कलम 2.6)
>
> कॉम्प-ऑफ तसाच आहे. तो आता हजेरी-धोरणात वाचा.
> तुम्ही करायचे: मे-जूनमधल्या दौऱ्यांचे क्लेम जुन्या मुदतीत भरा. बाकी काही करावे लागणार नाही.
> फरक आढळल्यास मूळ धोरण ग्राह्य.

इथे ‘तसाच आहे’ ही ओळ मुद्दाम ठेवली आहे. न बदललेल्या गोष्टी सहसा गाळायच्या असल्या, तरी ज्याबद्दल अफवा उठणार हे उघड आहे ते सांगितलेले बरे. कर्मचाऱ्याच्या तोट्याचा बदल ‘सुलभीकरण’ अशा शब्दाआड लपवू नये. 60 चे 45 झाले, हे आकड्यांतच लिहावे. दुखवट्याच्या रजेचा फायदा सगळ्यात वर आणि पीएलची कपात सगळ्यात खाली, अशी मांडणीही टाळावी. ज्यावर सर्वांत आधी कृती करावी लागते ते वर यावे.

पान बाहेर जाण्याआधी ते धोरण न वाचलेल्या दोघांना द्यावे, त्यातला एक कारखान्यातला असावा. ‘मी 20 जूनला दौऱ्यावरून आलो, क्लेम कधीपर्यंत?’ असा प्रश्न विचारावा. 19 ऑगस्ट हे उत्तर आले तर पान चालते. 20 जुलै आले तर घटना नीट लिहिलेली नाही. वाटल्यानंतर ‘मग हे मला लागू आहे का?’ असा प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर ‘कोणासाठी’ ही ओळ फसली आहे. कंत्राटी कामगार आणि प्रशिक्षणार्थी तिथेच बहुधा राहून जातात.

कायद्याशी संबंध. एकपानी सूचना ही कायदेशीर सूचनेची जागा घेत नाही. औद्योगिक विवाद कायदा, 1947च्या कलम 9-कनुसार पगारी रजा, कामाचे तास अशा चौथ्या अनुसूचीतल्या बाबींमध्ये कामगारांच्या सेवाशर्ती बदलायच्या असतील, तर विहित नमुन्यात सूचना द्यावी लागे आणि त्यानंतर 21 दिवस बदल अमलात आणता येत नसे. औद्योगिक संबंध संहिता, 2020च्या कलम 40मध्ये ही तरतूद पुढे आली आहे. धोरणाला कायद्याची तळमर्यादाही असते. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांचा 2017चा कायदा ज्या आस्थापनांना लागू होतो, तिथे 45 दिवसांपर्यंत रजा साठवता येते. कारखान्याला वेगळा कायदा लागू होतो, त्यामुळे कार्यालय आणि कारखाना यांच्यासाठी एकच आकडा छापण्याआधी तो दोन्हीकडे तपासून घ्यावा लागतो.

भाषेचाही प्रश्न आहे. 1946च्या स्थायी आदेश कायद्याने प्रमाणित आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दारातून येतात त्याच्याजवळच्या फलकावर लावणे बंधनकारक केले होते. एकपानी सूचनेला तीच जागा योग्य ठरते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन प्रती काढल्या, तर तिन्हींतले आकडे आणि तारखा एकाच माणसाने शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. एका प्रतीत उशिरा केलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रतीत न पोहोचणे, ही नेहमी होणारी चूक आहे.

सूचनेवर काढल्याची तारीख आणि धोरणाचा आवृत्ती-क्रमांक असतो. तिच्यातली शेवटची तारीख उलटून गेली की, उदाहरणात जानेवारीचा पगार झाला की, ती फलकावरून काढावी. त्यानंतर नोकरीला लागलेल्यांना ‘आतापर्यंत 60’ हा मजकूर फक्त गोंधळात टाकतो. त्यांना मूळ धोरणच द्यावे.