न्हाण्याआधी खोबरेल: तासभर की रात्रभर?

जत, आटपाडीकडे बोअरच्या पाण्यानं केस धुणाऱ्यांना कोरडेपणा नवा नाही. त्यावर घरोघरी उपाय एकच, आदल्या रात्री तेल. तो बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण तेलामुळे केसाला ओलावा मिळतो म्हणून नव्हे.

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. पाण्यात केस फुगतो, त्याची जाडी सुमारे 15 टक्क्यांनी वाढते, आणि वाळला की तो पुन्हा आकसतो. दर धुण्याला हे घडत राहिलं की खवले उचकटतात आणि आतलं प्रथिन थोडं थोडं धुऊन जातं. हाताला लागणारा राठपणा बराचसा त्यातूनच येतो. धुण्याआधी तेल आत मुरलेलं असेल तर पाणी कमी शिरतं आणि केस कमी फुगतो.

मात्र हे प्रत्येक तेलाला जमत नाही. 2003 साली छापून आलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. प्रथिनाची झीज कमी केली ती फक्त खोबरेलानं. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी छोटी आणि सरळ असते, म्हणून ते केसात शिरू शकतं. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते, हेही ध्यानात असू द्यावं.) बाकीची दोन तेलं केसावर थर देतात, त्यानं चमक येते, गुंता कमी होतो, एवढंच.

मुरायला वेळ लागतो. न्हाणीघरात शिरताना चोळलेलं तेल शाम्पूबरोबर निघून जातं. निदान एक-दोन तास तरी द्यावेत. रात्रभर ठेवलं तर आणखी मुरतं. दोन-तीन दिवस तसंच ठेवू नये, धूळ चिकटते. कोंडा असेल तर टाळूला तेल लावूच नये, कारण कोंड्याशी संबंधित यीस्ट चरबीवरच जगतं.

कमरेपर्यंतच्या केसांना एक-दोन चमचे पुरतात. कोरडी असतात ती टोकं, म्हणून तेल कानाखालच्या केसांना लावावं आणि शाम्पू टाळूवर चोळावा. साताऱ्याच्या थंडीत बाटलीत तेल गोठलं, तर ती कोमट पाण्यात ठेवावी. दुभंगलेली टोकं मात्र तेलानं सांधत नाहीत, ती कापावीच लागतात. आणि जड पाण्यात साबण वापरत असाल, तर केसांवर बसणारा साबणाचा चिकट थरही राठपणा देतो. तिथं आधी साबण सोडून शाम्पू घ्यावा.

आपल्याला उपयोग होतोय का, हे पाहायचं तर भांग पाडून डाव्या बाजूलाच तेल लावा आणि दोन्ही बाजू एकाच शाम्पूनं धुवा. असं चार-पाच वेळा केल्यावर केस पूर्ण वाळू द्या आणि मग दोन्हीकडून कंगवा फिरवा. डावीकडे कंगवा कमी अडकला, तुटलेले केस कमी निघाले, तर तेल काम करतंय. दोन्हीकडे सारखंच असेल, तर कोरडेपणाचं कारण दुसरीकडे शोधावं. रंग लावणं आणि इस्त्री करणं यांवर पहिला संशय घ्यावा.