घट्ट दही (न गाळता लावलेले)

दूध विरजण्यापूर्वीच दाट करून लावलेले दही. चक्क्यासाठी दही फडक्यात टांगतात, तेव्हा पाण्याबरोबर दुधातली साखर आणि काही प्रथिनेही निथळून जातात. येथे काहीच वाया जात नाही. मुंबईत घरोघरी पिशवीतले टोन्ड दूध येते. त्यात स्निग्धांश ३ टक्के आणि प्रथिने साधारण तेवढीच असतात, म्हणून त्याचे दही ढिले लागते आणि चमचा घातला की खळग्यात पाणी जमते.

दही घट्ट होते ते मुख्यतः प्रथिनांमुळे. एक लिटर टोन्ड दुधात २५ ते ३० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घातली, तर सुमारे १० ग्रॅम प्रथिने वाढतात. पावडरीऐवजी दूध आटवून पाऊण लिटरवर आणले, तरी प्रथिनांचे प्रमाण जवळपास तेवढेच होते. किती आटले हे नजरेने नीट कळत नाही. उलथण्याच्या दांड्यावर सुरुवातीच्या दुधाची खूण करून ठेवावी.

पावडर नेहमी गार दुधात, थोड्या दुधात गुठळ्या मोडून मिसळावी आणि मग दूध तापवावे. उकळलेल्या दुधात वरून भुरभुरवलेली पावडर नीट भिजत नाही आणि दह्यात कण लागतात. दूध उतू येताच गॅस बंद करण्याची सवय येथे आड येते. ८५ अंशांच्या आसपास अर्धा तास राहिले, की दुधातली पाण्यात विरघळलेली प्रथिने उलगडून केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दह्याची जाळी पाणी धरून ठेवते. आटवताना हे आपोआप साधते. पावडरीच्या दुधालाही तेवढा वेळ मंद आच द्यावी, नाहीतर पावडर घालूनही दही पाणी सोडते.

दोन्ही दह्यांचा पोत मात्र वेगळा. पावडरीचे दही सुरीने कापावे तसे सरळ कापले जाते, चवीला किंचित गोडसर असते. लिटरला ५० ग्रॅमच्या पुढे गेल्यास जिभेवर पिठूळपणा येतो. चहासाठीची साखर मिसळलेली पावडर तर अजिबात वापरू नये. आटवलेले दही जास्त मऊ, रंगाने पिवळसर आणि खव्याकडे झुकणाऱ्या वासाचे होते. त्यात साय सतत ढवळून मोडली नाही तर दह्यात तिचे तुकडे येतात. कोशिंबिरीला पावडरीचे दही चालते, पण नुसते खायला आटवलेलेच सरस. श्रीखंडाला दोन्ही अपुरी पडतात, तिथे चक्काच हवा.

दाट दुधात आंबटपणा वाढायला वेळ लागतो, म्हणून ते साध्या दुधापेक्षा थोडे उशिरा लागते. मुंबईच्या मे महिन्यात कोमट दुधाला लिटरमागे लहान चमचाभर विरजण पुरते आणि चार-पाच तासांनी भांडे हलवून पाहावे. दही कडेपासून एकसंध सुटून थरथरले, की लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. तसेच ओट्यावर रात्रभर राहिले, तर जाळी आकसते आणि कितीही दाट दुधाचे असले तरी वर पाणी येते.