फिक्स मॅच ग्रुप

सामन्याचा निकाल आधीच ठरला आहे आणि तो आपल्याला ठाऊक आहे, असे सांगून ती ‘टिप’ पैसे घेऊन विकणारे व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरचे ग्रुप. सट्टा घेणारा बुकी वेगळा आणि हे वेगळे. बुकी निदान जिंकलेल्याला पैसे देतो. टिप विकणारा फक्त घेतो.

मराठवाड्यात हा धंदा जुनाच आहे, फक्त त्याचे सामान बदलले. मटक्याची ‘फिक्स जोडी’ विकणारे याच जातीचे. जोड्या 00 ते 99 अशा शंभरच असतात. शंभर गिऱ्हाइकांना शंभर वेगळ्या जोड्या दिल्या की एकाची लागणारच. तो एक जण गावभर सांगत फिरतो आणि उरलेले नव्व्याण्णव घरी सांगायला नको म्हणून गप्प बसतात.

आयपीएलमध्ये हेच गणित जास्त सोपे होते, कारण पर्याय दोनच. समजा, मार्चअखेर हरभऱ्याची पट्टी हातात आलेल्या लातूरकडच्या एका शेतकऱ्याला निरोप येतो : ‘भाऊ, पाच मॅच फुकट घ्या, पटलं तर पुढं बोलू. आधी नंबर सेव्ह करा.’ ही शेवटची अट सौजन्याची नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधला निरोप नंबर सेव्ह असल्याशिवाय पोचतच नाही. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात आणि ते एकमेकांना दिसत नाहीत.

अशा चार लिस्ट म्हणजे 1024 माणसे. पहिल्या सामन्याला निम्म्यांना एक संघ कळवायचा, निम्म्यांना दुसरा. ज्यांची टिप चुकली त्यांना सोडून द्यायचे. उरतात 512. दुसऱ्या सामन्यानंतर 256, मग 128, 64 आणि पाचव्यानंतर 32. या बत्तीस जणांनी सलग पाच टिपा ‘पास’ झालेल्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आपला शेतकरी त्यातला एक. सहाव्या टिपेचे पाच हजार मागितले आणि सगळ्यांनी दिले, तर 1,60,000 रुपये होतात आणि विकणाऱ्याला क्रिकेटमधले काही कळावे लागत नाही. सहाव्यालाही निम्म्यांना इकडचा संघ, निम्म्यांना तिकडचा. ज्या सोळांचे बुडाले त्यांना सांगतात, ‘वरून प्लॅन बदलला, पुढच्या मॅचला लॉस कव्हर करून देतो.’ त्यासाठी पुन्हा पैसे लागतात. म्हणून स्वतःच्या अनुभवावरून ग्रुपची पारख होत नाही. चुकीच्या टिपा मिळालेले 992 जण आपल्याला कधी भेटतच नाहीत.

टेलिग्राम चॅनेलवर सगळ्यांना एकच मजकूर दिसतो, त्यामुळे तिथे युक्ती वेगळी. चुकलेली टिप पुसून टाकतात किंवा सामना संपल्यावर मजकूर बदलतात. बदललेल्या पोस्टवर वेळेशेजारी तशी खूण येते. पुसलेल्या पोस्टचा माग मात्र सहज दिसत नाही. पोस्टची लिंक कॉपी केली तर शेवटी तिचा क्रमांक असतो. लागोपाठच्या दोन पोस्ट 412 आणि 419 निघाल्या, तर मधल्या गेल्या कुठे असा संशय घ्यावा. अनेक फोटो एकत्र टाकल्यानेही क्रमांक पुढे सरकतो, म्हणून एका ठिकाणच्या खंडावरून निकाल देऊ नये. जवळजवळ प्रत्येक सामन्यानंतर खंड पडत असेल तर गोष्ट उघड आहे.

काही ग्रुप खरोखर दहातल्या सात टिपा बरोबर देतात, पण त्या तगड्या संघाच्या असतात. अशा संघाचा भाव समजा 30 पैसे चालू आहे, म्हणजे हजार लावून तीनशे मिळतात. सात वेळा जिंकून 2100 आले, तीन वेळा हरून 3000 गेले. नऊशेचा तोटा, टिपेचे पैसे वेगळेच. म्हणून टिपेसोबत त्या वेळचा भाव लिहिलेला नसेल तर ‘किती पास’ या आकड्याला अर्थ नाही.

मग फिक्सिंग होतच नाही का? झालेले आहे. 2010 मध्ये लॉर्ड्स कसोटीत पाकिस्तानच्या गोलंदाजांनी पैसे घेऊन ठरलेल्या चेंडूंवर नो-बॉल टाकले. पण तिथे ठरला होता तो एखादा चेंडू, सामन्याचा निकाल नव्हे. शिवाय अशी बातमी हजार जणांना वाटली, तर सगळे एकाच बाजूला पैसे लावतात, भाव कोसळतो आणि बातमीची किंमत संपते. ज्याच्याकडे ती खरोखर असेल तो ती पाच हजारांना विकणार नाही.

पैसे पाठवताना यूपीआयवर समोरच्याचे नाव दिसते. दर वेळी नवे नाव, तेही कुठल्या अनोळखी बाईचे किंवा भलत्याच दुकानाचे, असेल तर ती बहुधा भाड्याने घेतलेली खाती असतात. जिंकलेली रक्कम ‘सोडवायला’ आधी टॅक्स भरा, असे सांगितले की पुढचा रुपयाही देऊ नये.

सट्टाच बेकायदा, मग तक्रार कशी करायची, या भीतीवरच विकणारा निर्धास्त असतो. पण खोटे सांगून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालचा वेगळा गुन्हा आहे. तक्रार 1930 या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर करता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी आणि चॅट हाताशी ठेवावे. ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून घ्यावे. फोन जितका लवकर जाईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.