धूसर प्रतिमेचा उलटा हिशेब

मालिकांमधला तपास अधिकारी सीसीटीव्हीच्या धुरकट चित्राकडे बोट दाखवतो, "झूम कर, साफ कर" म्हणतो आणि क्षणात गाडीचा नंबर दिसू लागतो. हे पाहून काहींना संगणक वाटेल ते करू शकतो असं वाटतं. उलट काहींना सूक्ष्मदर्शकाची डीकन्व्होल्यूशन केलेली, म्हणजे गणिताने धूसरपणा काढलेली प्रतिमा दाखवली, की ती 'सजवलेली' वाटते. खरं तर इथे सजावट नसते, हिशेब असतो, आणि तो एका अगदी लहानशा मण्यापासून सुरू होतो.

पेशीतल्या सूक्ष्मनलिका फक्त 25 नॅनोमीटर जाड असतात. त्यांना हिरवा चमकणारा रंग लावून साध्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की त्या सुमारे 230 नॅनोमीटर जाड दिसतात. भिंग उत्तम असलं तरी हे चुकत नाही. प्रकाश ही लहर असल्याने एका बिंदूतून निघालेला प्रकाश प्रतिमेत बिंदू म्हणून न उतरता पसरट ठिपका होऊन उतरतो. खोलीच्या दिशेने तर हा ठिपका तिपटीहून जास्त लांब असतो, म्हणून वरच्या-खालच्या थरांचा प्रकाशही धुकं होऊन मिसळतो. बिंदू कसा पसरतो याचा त्रिमितीय नकाशा म्हणजे पॉइंट स्प्रेड फंक्शन, थोडक्यात पीएसएफ.

हा नकाशा सूत्रावरून काढता येतो, पण सूत्रातलं भिंग निर्दोष असतं, आपलं नसतं. म्हणून 100 नॅनोमीटरचे चमकणारे मणी विरळ करून काचेवर वाळवतात, नमुन्याच्याच माध्यमात बसवतात आणि खोलीत 200 नॅनोमीटरच्या पायऱ्यांनी त्यांचे फोटो घेतात. मणी इतका लहान, की तो जवळपास बिंदूच. वेगवेगळ्या मण्यांची सरासरी काढली, की आपल्याच यंत्राचा पीएसएफ हाती येतो. बाजूने पाहिल्यावर तो डमरूसारखा, वर-खाली सारखा दिसायला हवा. एकाच बाजूला छत्री उघडल्यासारखा दिसला, तर भिंग आणि काच यांच्यामधल्या तेलाचा अपवर्तनांक किंवा कव्हरस्लिपची, म्हणजे नमुना झाकणाऱ्या पातळ काचेची जाडी (बहुतेक भिंगांना 0.17 मिलिमीटर लागते) जुळत नाही असं समजावं. तेल बदलून तो सुधारता आला, तर संगणकाकडे जाण्याआधी तेच करावं.

आता माझा लाडका भाग. गणिताचा कंटाळा असेल, तर हा परिच्छेद ओलांडा. रिचर्डसन (1972) आणि ल्यूसी (1974) यांनी स्वतंत्रपणे मांडलेली रीत अशी: अंदाज करा, तो पीएसएफने मुद्दाम धूसर करा, मोजलेल्या प्रतिमेला त्याने भागा आणि त्या भागाकारांनी अंदाज सुधारा. समजा, चित्राच्या एकाच घरात, म्हणजे पिक्सेलमध्ये, 100 एवढा प्रकाश आहे आणि यंत्र त्यातला अर्धा जागीच ठेवून पाव-पाव शेजारी सांडतं. कॅमेऱ्याला 0, 25, 50, 25, 0 दिसेल. हाच पहिला अंदाज मानून पुन्हा धूसर केला, तर मधली तीन घरं 25, 37.5, 25 होतात. मध्ये मोजलेले 50 आणि अंदाजातून आलेले 37.5, म्हणजे मधला अंदाज कमी पडतोय. असे सगळे भागाकार पुन्हा त्याच पीएसएफने पसरवून अंदाजाला गुणले, की मधली घरं 20.8, 58.3, 20.8 होतात. बेरीज अजूनही 100! प्रकाश नवा आणलेला नाही, सांडलेला थोडा परत घरी गेला. हेच पुन्हा पुन्हा करत गेलं, की मधलं घर 100 कडे सरकत जातं.

कॅमेऱ्यातला गोंगाट मात्र अंदाज फेरीफेरीने सुधारणाऱ्या या रीतीला ओळखता येत नाही. फोटॉन मोजकेच असतील, तर जास्त फेऱ्यांनंतर गोंगाटाचेही टोकदार ठिपके होतात आणि अखंड सूक्ष्मनलिका मण्यांच्या माळेसारखी तुटक दिसू लागते. अशी माळ दिसली, की फेऱ्या कमी कराव्यात. पीएसएफ चुकीचा असेल, तर ठळक रचनेभोवती काळी कडी किंवा वर-खाली भुतासारखी सावली उमटते. नमुन्यात खोल गेलं तरी हेच होतं, कारण काचेला चिकटलेल्या मण्याचा पीएसएफ तिथे लागू पडत नाही. तपासणीसाठी फक्त कवचावर रंग असलेले, माहीत आकाराचे मोठे मणी वापरतात. आधी धुक्याने भरलेला दिसणारा मणी नंतर स्वच्छ पोकळ दिसला आणि त्याची जाडी बरोबर आली, तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

एवढं करूनही 25 नॅनोमीटरची नलिका 25 ची दिसणार नाही. धुकं जाईल, रेषा बारीक होतील, जेमतेम वेगळ्या दिसणाऱ्या दोन नलिका स्पष्ट सुट्या होतील. पण 50 नॅनोमीटरवर शेजारी असलेल्या दोघी एकच राहतील, कारण इतका बारीक तपशील भिंगातून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. त्यासाठी सुपर-रिझोल्यूशनची वेगळी यंत्रं लागतात.